रस्त्यांच्या हिशेबातही खेडं हाच घटक धरा

गेले काही दिवस आमच्याकडं व्हॉट्सॲपवर एक यादी फिरतेय. बेळगाव जिल्ह्यातनं जाणारे राष्ट्रीय महामार्ग, राज्य महामार्ग, प्रत्येकापुढं किलोमीटर आणि खाली ठळक अक्षरात बेरीज. एका बाजूचे लोक ती बेरीज दाखवून म्हणतात की बघा, सीमाभागाकडं दुर्लक्ष झालं म्हणून ओरडता, एवढे हायवे दुसऱ्या कुठल्या जिल्ह्यात आहेत ते दाखवा. दुसऱ्या बाजूचे कोल्हापूर जिल्ह्याचा आकडा काढतात आणि म्हणतात, आम्ही तिकडं असतो तर याच्या दुप्पट रस्ते झाले असते. दोन्हीकडं आपलीच मराठी माणसं, दोन्हीकडं राग खरा, पण ज्या आकड्यावरनं भांडण चाललंय तो आकडा नेमका कशाचा हे एकानंही विचारलेलं दिसलं नाही. माझं म्हणणं पहिल्यांदाच सांगतो. जिल्ह्यातल्या हायवेंची एकूण लांबी या एका आकड्यावरनं सीमाभागाला रस्ते मिळाले की नाही मिळाले, यातलं काहीच सिद्ध होत नाही, आणि खेडं हा घटक धरा म्हणून साठ-सत्तर वर्षं भांडत आलेल्या आपण लोकांनी रस्त्याच्या बाबतीत जिल्ह्याची बेरीज मुकाट्यानं मान्य करणं ही मोठी चूक आहे.

मी दहा-बारा वर्षं रस्त्याच्या कामांवर मेजरमेंट घ्यायचं काम केलंय, मोजमापाची नोंदवही म्हणजे एम.बी. लिहिलीय, त्यामुळं यादी हातात आली की मी आधी बेरीज बघत नाही, ओळी बघतो. या यादीत एनएच ४ पण आहे आणि एनएच ४८ पण आहे. एनएच ४ए आहे आणि खाली एनएच ७४८ सुद्धा आहे. आता २०१० मध्ये केंद्र सरकारनं देशातल्या सगळ्या राष्ट्रीय महामार्गांचे नंबर बदलले, त्यात पुणे-बंगळूरचा जुना चार नंबर हा दिल्ली-चेन्नईच्या अठ्ठेचाळीसमध्ये गेला आणि बेळगाव-पणजीचा ४ए हा ७४८ झाला. म्हणजे रस्ता तोच, कोगनोळीला जिल्ह्यात शिरतो, निपाणी, संकेश्वर, काकती, हिरेबागेवाडी करत कित्तूरच्या पुढं धारवाड जिल्ह्यात जातो, पण यादीत तो दोनदा आलाय कारण यादी करणाऱ्यानं एक माहिती जुन्या पुस्तकातनं घेतली आणि दुसरी नव्या नोटिफिकेशनमधनं. या एका चुकीनं जिल्ह्यातला एवढा लांब हायवे बेरजेत डबल झाला. भांडणाऱ्या शेकडो लोकांपैकी एकालाही हे दिसू नये? रोज त्याच रस्त्यावरनं जाताय की.

नंबरची चूक तरी दुरुस्त करता येते, सामाईक तुकड्याची चूक जास्त चिवट. बेळगावहून चोर्ल्याला जाणारा रस्ता बघा. आपण बोलताना म्हणतो बेळगाव-चोर्ला रोड, आणि बेळगाव-खानापूर रोड. पण शहरातनं निघालं की पिरनवाडीपर्यंत दोन्ही एकच आहेत. पिरनवाडीच्या फाट्यावर एक मच्छेकडं, खानापूरकडं जातो, दुसरा किणये, जांबोटी, कणकुंबी करत चोर्ल्याला. तो शहर ते पिरनवाडीचा सात-आठ किलोमीटरचा तुकडा कुणाच्या नावावर लिहायचा? नियम सरळ आहे, दोन रस्ते एकाच डांबरावरनं जात असतील तर लांबी एकदाच धरायची, आणि ती वरच्या दर्जाच्या रस्त्याच्या खात्यावर, खालच्यातनं वजा करायची. पण माणूस यादी करताना प्रत्येक रस्त्याचं नाव बघतो, 'अमुक ते तमुक' बघतो आणि त्या दोन गावांतलं अंतर लिहून मोकळा होतो. एका फाट्याला सात-आठ किलोमीटर फुगतात. जिल्ह्यात असे फाटे किती आहेत विचार करा, नुसत्या संकेश्वरला किती रस्ते एकमेकांत मिसळतात ते उभं राहून मोजा.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची, आणि इथं फसवणूक कुणी मुद्दाम करायचीही गरज नसते. चोर्ल्याचा हा रस्ता आधी राज्याचा होता, नंतर तो राष्ट्रीय महामार्ग ७४८एए झाला. रस्ता घोषित झाला त्या दिवशी एक पाटी खडी पडली नाही, रुंदी एक फूट वाढली नाही. बदललं काय तर दगडाचा रंग. किलोमीटरच्या दगडाचं डोकं राष्ट्रीय महामार्गाला पिवळं असतं, राज्य महामार्गाला हिरवं. नव्यानं घोषित झालेल्या रस्त्यावर कधी थांबून बघा, पिवळ्या रंगाचा पोपडा निघालेला असतो आणि खाली जुना हिरवा दिसतो. राष्ट्रीय महामार्गांच्या रकान्यात जेवढे किलोमीटर वाढले तेवढेच राज्याच्या रकान्यातनं कमी झाले, जिल्ह्याच्या एकूण लांबीत फरक शून्य. देशपातळीवरही हेच आहे. २०१४ ला राष्ट्रीय महामार्गांची लांबी ९१,२८७ किलोमीटर होती, २०२३ च्या अखेरीला १,४६,१४५ सांगतात. नवे रस्ते झाले, रुंदीकरण झालं, ते डोळ्यांनी दिसतंय आणि नाकारायचं कारण नाही, पण या वाढीचा मोठा भाग हा राज्यांचे चालू रस्ते राष्ट्रीय म्हणून घोषित केल्यानं आलेला आहे. 'वाढले' या एका शब्दात दोन वेगळ्या गोष्टी बसल्यात, बांधलेला रस्ता आणि नाव बदललेला रस्ता.

आता कोणी म्हणेल, आणि हा आक्षेप खरोखर वजनदार आहे, की नाव बदलणं म्हणजे काहीच नाही असं कसं? राष्ट्रीय दर्जा मिळाला की केंद्राचा पैसा येतो, डिझाइन वरच्या दर्जाचं होतं, राज्याच्या तिजोरीवरचा भार जातो. बरोबर आहे. ज्या रस्त्याचं काम होतं त्याचं सोनं होतं, बेळगाव-खानापूर चौपदरी झाल्यावर काय फरक पडला ते तिथले सगळे सांगतील. पण घोषणा आणि काम यांच्यामध्ये जो काळ जातो तो कुणी मोजत नाही. राज्याचं खातं म्हणतं आता हा आमचा रस्ता नाही, आमच्या बजेटमध्ये बसत नाही. केंद्राकडनं प्रकल्पाचा सविस्तर अहवाल म्हणजे डीपीआर, भूसंपादन, जंगलाची परवानगी, टेंडर, यात वर्षं जातात. तेवढा काळ तो रस्ता कागदावर सगळ्यात वरच्या दर्जाचा आणि जमिनीवर अनाथ. पावसाळ्यात कणकुंबीच्या बाजूला जो पाऊस पडतो त्यात साइडपट्टी आणि गटार सांभाळलं नाही तर डांबर एका मोसमात उकलतं. मग वाढलेली राष्ट्रीय लांबी त्या वर्षी प्रगतीचा पुरावा होती की दुर्लक्षाचा? नुसत्या किलोमीटरवरनं ओळखता येईल का?

लांबी हा शब्दच मुळात एका अर्थाचा नाही. समजा दहा किलोमीटरचा चौपदरी रस्ता आहे, मध्ये डिव्हायडर, दोन्ही बाजूंना सर्व्हिस रोड. तुम्ही या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला तर दहा किलोमीटर. ही झाली मार्गाची लांबी. जाणारी बाजू आणि येणारी बाजू वेगळी मोजली तर वीस. सर्व्हिस रोड धरले तर चाळीस. आणि लेन मोजल्या, मुख्य रस्त्याच्या चार, तर चाळीस लेन-किलोमीटर, सर्व्हिस रोड सोडून. रस्ता एकच, उत्तरं चार, आणि चारही खरी. सरकारी लांबीच्या तक्त्यात साधारण पहिलं उत्तर असतं, पण काम किती झालं हे सांगायची वेळ आली की लेन-किलोमीटरची भाषाही निघते. दोन पक्षांनी दोन मापं उचलली आणि एकमेकांना खोटं पाडलं असं कितीदा झालंय.

महाराष्ट्र हद्द ते बेळगाव हा पुणे-बंगळूर रस्त्याचा भाग सहापदरीकरणाच्या कागदावर किलोमीटर ५९२ ते ५१५ असा आहे, म्हणजे ढोबळ ७७ किलोमीटर. सहा लेननं गुणलं की ४६२ लेन-किलोमीटर. आता एकपदरी गावरस्ता ३.७५ मीटर रुंदीचा असतो आणि हायवेची एक लेन ३.५ मीटर, म्हणजे जवळजवळ तेवढीच. तर डांबराच्या हिशेबानं हा एक हायवे सव्वाचारशेपेक्षा जास्त किलोमीटर गावरस्त्याएवढा भरतो. तक्त्यात मात्र तो ७७ आणि खानापूर तालुक्यातला कुठलाही तीन किलोमीटरचा खड्ड्यांचा गावरस्ता ३, दोन्ही एकाच बेरजेत, एकाच मापानं. ही बेरीज करून आपण काय मिळवलं?

आणि हा ७७ पण वजाबाकीचा आकडा आहे हे लक्षात ठेवा. बेळगाव-धारवाड सहापदरीचा भाग ४३३ ते ५१५ आहे. वजा केलं तर ८२ येतात, प्रकल्पाची लांबी मात्र ८० च्या आसपास. घोटाळा नाही हा. किलोमीटरचे दगड जुन्या रस्त्यावर बसवलेले, नंतर कुठं वळण सरळ झालं, कुठं बायपास झाला, रस्ता थोडा आखूड झाला, पण पुढचे सगळे दगड उपटून नवे नंबर कोण घालणार? मग दगडांवरचा चालू नंबर म्हणजे चेनेज तोच ठेवतात आणि मध्ये कुठंतरी एक किलोमीटर हजार मीटरपेक्षा कमी भरतो. कामावरच्या माणसाला हे ठाऊक असतं, तो टेपनं किंवा मशीननं प्रत्यक्ष लांबी काढतो. नुसतं कागद बघून वजाबाकी करणारा फसतो. शिवाय हा ८० किलोमीटर सगळा बेळगाव जिल्ह्याचा नाहीच, कित्तूर संपलं की तेगूरपासनं धारवाड जिल्हा लागतो. प्रकल्पाची लांबी जिल्ह्याच्या नावावर लिहिली की आणखी एक भर. बायपासचंही तसंच. बेळगाव शहरातनं जाणारा जुना पी.बी. रोड, पुणे-बंगळूर या नावाचं ओझं अजून वाहतोय, पण हायवे कधीच बाहेरनं, हलग्याच्या बाजूनं गेला. जुना रस्ता राष्ट्रीय यादीतनं उतरला तरी जमिनीवर आहेच, नवा वरनं वाढला. एकूण लांबी वाढली हे खरं, पण जुन्या रस्त्याची डागडुजी आता कुणी करायची हा प्रश्न त्या वाढीत कुठंच दिसत नाही.

कोल्हापूरची तुलना करणाऱ्यांनाही दोन शब्द. बेळगाव जिल्ह्याचं क्षेत्रफळ १३,४०० चौरस किलोमीटरच्या वर आहे, कोल्हापूरचं ७,६८५. पावणेदोन पट मोठ्या जिल्ह्याची एकूण लांबी जास्त असणारच, त्यात कर्नाटक सरकारचा मोठेपणाही नाही आणि महाराष्ट्राचा कमीपणाही नाही. बरं, शंभर चौरस किलोमीटरमागं लांबी काढली तर प्रश्न सुटतो का? अथणी-रायबागचा सपाट, उसाचा आणि मोकळ्या रानाचा मुलूख आणि खानापूरचं जंगल यांची सरासरी काढून जो आकडा येईल तो अथणीतही खरा नसेल आणि खानापुरातही.

इथं मला आपल्याच इतिहासाकडं यायचंय. राज्य पुनर्रचना आयोगानं १९५५ मध्ये साधारणपणे जिल्हा हा घटक धरला. बेळगाव जिल्ह्याची बेरीज केली, बेरीज एका बाजूला झुकली, आणि १ नोव्हेंबर १९५६ ला चंदगड तालुका तेवढा वगळून सगळा जिल्हा म्हैसूर राज्यात गेला. आपलं तेव्हापासूनचं म्हणणं काय? की जिल्ह्याची बेरीज हा अन्यायाचा आकडा आहे, खेडं हा घटक धरा, सलगता बघा, त्या गावात कोण राहतंय ते बघा. आंध्र आणि मद्रासच्या वादात मध्यस्थ म्हणून नेमलेल्या पाटसकरांनी तसंच केलं होतं, म्हणून आमच्याही बाबतीत तसंच करा. या भागातल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना सुद्धा 'खेडे हा घटक' हे शब्द पाठ आहेत. घटक बदलला की उत्तर बदलतं हे आपल्याइतकं सोसून कुणाला कळलंय? मग तीच माणसं रस्त्याच्या वेळी जिल्ह्याची बेरीज घेऊन का नाचतात?

वेंगुर्ला रोडच घ्या. बेळगावचा माल वेंगुर्ल्याच्या बंदराला याच वाटेनं आंबोली घाटातनं उतरायचा, सगळा एक रस्ता, एक मुंबई राज्य. १९५६ ला चंदगड त्या बाजूला राहिलं आणि रस्ता बाची आणि शिनोळीच्या मध्ये कापला गेला. म्हणून तर कर्नाटकाच्या यादीत राज्य महामार्ग २० चं नाव रायचूर-बाची आहे. बाचीला ना बंदर, ना बाजारपेठ, ना कारखाना, एवढा लांबलचक महामार्ग तिथं संपतो कारण तिथं राज्य संपतं. पलीकडं तोच रस्ता महाराष्ट्राच्या दुसऱ्या रकान्यात दुसऱ्या नावानं चालू होतो. गोव्याच्या रस्त्याचंही तेच. जुना ४ए एकूण १५३ किलोमीटर धरत, त्यातला ८२ कर्नाटकात. पण त्या ८२ मध्ये खानापूर, लोंढ्यापर्यंतचा भाग बेळगाव जिल्ह्याचा, आणि पुढं रामनगर, अनमोड हा जोयडा तालुका, उत्तर कन्नड जिल्हा. लोंढ्याच्या माणसाला गोव्याला जायचं तर त्याची कंबर पुढच्या जिल्ह्यातल्या रस्त्यानं मोडते, आणि बेळगाव जिल्ह्याच्या आकड्यात त्याचा मागमूस नाही. जिल्ह्याची हद्द कागदावर असते, माणूस रस्त्यानं जातो.

हे मी काही नवीन काढत नाही. रस्त्यांची ही सगळी वर्गवारी, राष्ट्रीय, राज्य, जिल्हा, गाव, आली ती १९४३ च्या नागपूरच्या चीफ इंजिनियरांच्या परिषदेतनं. त्या लोकांनी लांबीची सूत्रं केली, अगदी रेल्वे जिथं आहे तिथं रेल्वेची लांबी रस्त्याच्या गरजेतनं वजा करण्यापर्यंत विचार केला. पण सूत्राच्या मागं त्यांचा हेतू काय होता? चांगल्या शेतीच्या मुलखात कुठलंही गाव मुख्य रस्त्यापासनं पाच मैलांपेक्षा लांब असू नये. बघा, इंग्रजांच्या राज्यात, लढाई चालू असताना, आकडे नुसते मैलांचे असूनही त्यांनी माप लावलं ते गावाला. २००० साली पंतप्रधान ग्रामसडक योजना आली, तिनंही किती किलोमीटर यापेक्षा किती वस्त्या जोडल्या हे पहिलं धरलं, सपाट भागात ५०० लोकवस्तीची वाडी बारमाही रस्त्यानं जोडायची. म्हणजे खेडं हा घटक रस्त्याच्या शास्त्रात आधीपासून आहे. आपणच तो सोडला.

यावर एक उत्तर येतं की एकूण लांबी निदान सगळ्यांना कळते, लेन-किलोमीटर, दर्जा, गावापासूनचं अंतर असलं काही आणलं तर सामान्य माणूस गोंधळेल आणि सरकारला लपायला जागा मिळेल. मला यातला अर्धा भाग पटतो, आकडे वाढले की लपवाछपवी वाढते हे मी कामावर बघितलंय. पण लपायला सगळ्यात मोठी जागा एका मोठ्या बेरजेतच असते, कारण तिच्यातली कुठलीच ओळ कुणाला तपासता येत नाही. उलट 'आमच्या गावापासनं बारमाही रस्ता किती लांब' हे कळायला कुठलं शिक्षण लागतं? भीमगडच्या जंगलातली आमगाव, गवाळी, पास्तोली, कोंगळा ही खानापूर तालुक्यातली गावं घ्या. पावसाळ्यात तिथनं आजारी माणसाला खांद्यावर घालून जंगलातनं चालत आणावं लागतं. त्या आजारी माणसाला जिल्ह्यात किती राष्ट्रीय महामार्ग आहेत याचं काय करायचं? अभयारण्य आहे, तिथं हवा तसा रस्ता करता येत नाही, वन खात्याचा कायदा आहे, हे मला मान्य आहे आणि जंगल तोडून चौपदरी करा असं कुणीही शहाणा माणूस म्हणणार नाही. पण रस्ता देता येत नसेल तर तसं त्या गावाच्या नावापुढं लिहा, कारण लिहा, पर्याय काय तो लिहा. जिल्ह्याच्या बेरजेत ते गाव दिसतच नाही, म्हणून त्यावर चर्चाच होत नाही.

माझे वडील मैलकुली होते. त्या वेळी रस्त्याची लांबी म्हणजे माणसाच्या नावावर लिहिलेले मैल. अमुक दगडापासनं तमुक दगडापर्यंत गटार काढणं, मुरूम टाकणं, झाडांना पाणी घालणं, खड्डा दिसला की बुजवणं, हे अमक्याचं काम, आणि नाही झालं तर मुकादम त्यालाच विचारायचा. वडील चालता चालता पायानंच सांगायचे की इथं पाणी मुरतंय, पुढच्या पावसात रस्ता बसणार. तिथं रस्ता किती आहे आणि तो कुणाचा आहे हे दोन वेगळे प्रश्न नव्हते. आज जिल्ह्याच्या एकाच बेरजेत हायवे प्राधिकरणाचा रस्ता आहे, राज्याच्या बांधकाम खात्याचा आहे, जिल्हा पंचायतीचा आहे, महापालिकेकडं आलेला जुना पी.बी. रोड आहे, आणि खड्डा पडला की चौघंही दुसऱ्याकडं बोट दाखवतात.

म्हणून जे खरंच या वादात पडलेत, दोन्ही बाजूंचे, त्यांना माझी विनंती आहे की ती यादी पुढं पाठवायचं थांबवा आणि आपल्या तालुक्यापुरता माहिती अधिकारात एक तक्ता मागा. प्रत्येक रस्त्याचं नाव, कुठल्या किलोमीटरपासनं कुठल्या किलोमीटरपर्यंत, प्रत्यक्ष मोजलेली लांबी, त्यात दुसऱ्या रस्त्याशी सामाईक तुकडा किती, डांबराची रुंदी, दर्जा कधी बदलला असेल तर तारीख, आणि आज देखभाल कुणाकडं. कागद कन्नडमध्ये येईल, येऊ दे, शेजारी-पाजारी वाचून देणारा मिळतो, रकाने फार नाहीत. त्याच्या शेजारी आपण आपल्या गावांची यादी ठेवायची आणि प्रत्येक गावापुढं लिहायचं की जवळचा दुपदरी बारमाही रस्ता किती लांब, आणि जुलैत तिथपर्यंत पोचायला किती वेळ लागतो. मी पिरनवाडी ते कणकुंबी या पट्ट्यापुरतं हे सुरू केलंय. पहिल्या दिवशी दगडांवरचे नंबर टिपत गेलो, दोन ठिकाणी दगड गायब होते, एके ठिकाणी पिवळा आणि हिरवा असे दोन दगड दोन वेगळ्या नंबरांचे शेजारी-शेजारी उभे होते, आणि तिथल्या टपरीवाल्या मामांना विचारलं की यातला खरा कुठला, तर ते म्हणाले, हिरवा आमच्या वडिलांच्या वेळचा आहे, पिवळा कुणी लावला आणि रस्ता कुणाचा झाला ते आम्हाला अजून कुणी सांगितलेलं नाही.